लॅपटॉप किती वर्षं वापरायचा, आणि पुढच्यासाठी महिन्याला किती बाजूला टाकायचे?

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 साठी नेहमीचे मोफत अपडेट देणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे लॅपटॉप आदल्या दिवसासारखेच सुरू झाले. पडदा तोच, वेग तोच, फायली जागच्या जागी. वैयक्तिक वापरासाठी नोंदणी करून घेणाऱ्यांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदतवाढही मिळाली. तरी अनेकांची अडचण वेगळीच होती. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि साधारण 2018 पासूनच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे 2016-17 साली घेतलेला, अजून ठणठणीत असलेला लॅपटॉप पुढे जाऊ शकत नव्हता.

अशा वेळी दोन प्रश्न पडतात. चालणारी वस्तू बदलायची का? आणि बदलायची तर इतके पैसे एकदम आणायचे कुठून? आपण हे प्रश्न वेगवेगळे धरतो आणि दोन्ही शेवटच्या घटकेला सोडवायला बसतो. खरं तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात एक तारीख मिळते, आणि त्या तारखेपर्यंत किती महिने उरलेत हे मोजलं की दुसऱ्याचं उत्तर साध्या भागाकाराने निघतं. ती तारीख वस्तू विकत घ्यायच्या आधीच बरीचशी ठरलेली असते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

अपडेट थांबले तर नेमकं काय बिघडतं?

फोनमधल्या किंवा लॅपटॉपमधल्या मूळ प्रणालीत चुका सतत सापडत राहतात. त्यांतल्या काही चुकांचा फायदा घेऊन बाहेरचा माणूस आत शिरू शकतो. अशी चूक बुजवणाऱ्या दुरुस्तीला सुरक्षा अपडेट म्हणतात. अँड्रॉइडसाठी अशा दुरुस्त्यांची यादी नियमितपणे जाहीर होते, विंडोजच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात.

अपडेट बंद झाल्यावर आपली वस्तू आहे तशीच राहते, धोका मात्र वाढत जातो. कल्पना करा, कुलपाच्या कंपनीने जाहीर केलं की अमुक मॉडेल साध्या पिनेने उघडतं, आणि ज्यांचा करार चालू आहे त्यांच्या दारावर नवं कुलूप बसवून दिलं. करार संपलेल्यांच्या दारावर जुनंच कुलूप राहिलं, आणि ते कसं उघडायचं हे आता गावभर झालं. नव्या आवृत्तीसाठी निघालेली प्रत्येक दुरुस्ती जुन्या आवृत्तीतलं भोक कुठे आहे ते अशीच दाखवून देते.

2017 साली हे प्रत्यक्ष घडलं. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये एक दुरुस्ती दिली होती. तीच चूक वापरून 12 मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला आणि ज्यांनी दुरुस्ती बसवली नव्हती त्यांच्या फायली त्याने कुलूपबंद केल्या. विंडोज एक्सपीचा आधार 2014 मध्येच संपला होता, त्यामुळे एक्सपी वापरणाऱ्यांना ती दुरुस्ती वेळेवर मिळालेलीच नव्हती. हल्ला झाल्यावर त्यांच्यासाठी ती तातडीने खुली करावी लागली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्या वस्तूवर बँकेचं काम, ईमेल आणि पासवर्ड आहेत तिचा शेवटचा दिवस म्हणजे शेवटच्या सुरक्षा अपडेटचा दिवस. गाणी ऐकायला किंवा इंटरनेट बंद ठेवून लिहायला वापरायची असेल तर तीच वस्तू पुढेही खुशाल चालवा. लॅपटॉपवर लिनक्स टाकूनही आणखी काही वर्षं काढता येतात, फक्त आपल्या कामाचे प्रोग्रॅम त्यावर चालतात का ते आधी पाहायला हवं.

ही तारीख शोधायची कुठे?

फोनच्या बाबतीत कंपनी मॉडेल जाहीर करतानाच अपडेट किती वर्षं मिळतील ते सांगते. गूगलने 2023 च्या पिक्सेल 8 पासून सात वर्षांचं आश्वासन दिलं आणि 2024 च्या जानेवारीत आलेल्या गॅलेक्सी एस24 साठी सॅमसंगनेही तितकंच दिलं. स्वस्त मॉडेलना ही मुदत बरीच कमी असते, म्हणून कंपनीच्या नावावर विसंबू नका, त्या मॉडेलचं पान उघडून पाहा.

सर्वाधिक फसगत होते ती पुढच्या गोष्टीत. ही वर्षं साधारणपणे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात. आपण ते कधी घेतलं याच्याशी त्यांचा संबंध नसतो. समजा एका फोनला चार वर्षांचे अपडेट आहेत आणि तो येऊन दोन वर्षं झाल्यावर सवलतीत मिळतोय. किंमत 30 टक्के कमी झालीय म्हणून तो स्वस्त वाटतो, पण आयुष्य 50 टक्के कमी झालेलं असतं. वर्षामागे हिशेब केला तर तो महागच पडतो. याउलट सात वर्षांच्या आश्वासनाचा फोन एक-दोन वर्षं जुना घेणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं.

हातातल्या अँड्रॉइड फोनवर शेवटचं अपडेट कधीचं आहे ते `Settings` मध्ये `About phone` आणि मग `Android version` उघडलं की `Android security update` या ओळीत दिसतं. काही फोनवर या नावांत थोडा फरक असतो. तिथली तारीख सहा-आठ महिने जुनी असेल आणि नवं अपडेट शोधूनही सापडत नसेल, तर मुदत संपली किंवा संपत आली असं समजा.

लॅपटॉपला असं थेट आश्वासन क्वचितच मिळतं. तिथे चालू विंडोज आवृत्तीच्या आधाराची तारीख, आणि पुढची आवृत्ती आपल्या प्रोसेसरवर चालेल का, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. नवा लॅपटॉप घेताना त्यातला प्रोसेसर बाजारात येऊन किती वर्षं झाली हे विचारा, कारण दुकानात नवा म्हणून ठेवलेला लॅपटॉप आतून तीन वर्षं जुना असू शकतो.

संथ झाला म्हणजे म्हातारा झाला का?

बहुतेक जण वस्तू बदलतात ती अपडेट संपले म्हणून नव्हे, तर ती रेंगाळते किंवा चार्जिंग टिकत नाही म्हणून. अशा वेळी आधी बॅटरीवर संशय घ्यावा. लिथियम बॅटरी रसायनावर चालते आणि वापरली काय, नुसती ठेवली काय, झिजतेच. झीज चक्रांत मोजतात. एकूण शंभर टक्के चार्ज खर्च झाला की एक चक्र. आज निम्मा आणि उद्या निम्मा वापरला तरी ते एकच चक्र. ॲपलच्या सांगण्यानुसार आयफोन 14 पर्यंतच्या बॅटऱ्या 500 चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांवर येतात, आयफोन 15 पासूनच्या 1000 चक्रांनंतर.

झिजलेल्या बॅटरीचा दुसरा दोष कमी लोकांना ठाऊक असतो. तिच्यातून एकदम जास्त वीज बाहेर पडू शकत नाही. त्यामुळे 25 टक्के चार्ज दिसत असताना कॅमेरा उघडताच फोन बंद पडतो. असं होऊ नये म्हणून काही फोन स्वतःचा वेगच कमी करतात. जुन्या आयफोनमध्ये असं होत असल्याचं ॲपलने डिसेंबर 2017 मध्ये मान्य केलं आणि पुढचं वर्षभर बॅटरी बदलण्याचा दर कमी ठेवला. बॅटरी बदलल्यावर तेच फोन पूर्वीच्या वेगाने चालू लागले. नवा फोन घ्यायला निघालेल्या माणसाचं काम कधी कधी एका बॅटरीत भागतं, ते असं.

विंडोज लॅपटॉपमध्ये बॅटरीची तब्येत पाहायला पैसे लागत नाहीत. `Command Prompt` उघडून ही ओळ टाइप करा:

```
powercfg /batteryreport
```

`battery-report.html` ही फाइल कुठे साठवली ते तो सांगतो. ती ब्राउझरमध्ये उघडली की दोन आकडे शोधायचे. `DESIGN CAPACITY` म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आजची. समजा पहिला आकडा 50,000 आणि दुसरा 36,000 आहे. मग बॅटरी 72 टक्क्यांवर आलीय. 80 च्या खाली गेली आणि त्रासही जाणवतोय, तर बदलायची वेळ झाली. 80 च्या खाली असूनही तुमचं काम बसल्या जागी, चार्जर लावून होत असेल, तर बदलायची काही घाई नाही.

एका बाबतीत मात्र थांबू नका. बॅटरी फुगली की लॅपटॉपचा टचपॅड वर येतो, दाबला जात नाही, किंवा झाकण नीट मिटत नाही. फोनमध्ये पडदा कडेने उचलला जातो. पुष्कळ जण टचपॅड बिघडला समजून माउस लावतात आणि महिनोन्महिने तसंच चालवतात. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती चार्ज करू नका, दाबून बसवू नका, टोचू तर अजिबात नका. वस्तू बंद करून सरळ दुरुस्तीला न्या.

दुरुस्त करावा की बदलावा?

इथे घसारा हा हिशेबनिसांचा शब्द उपयोगी पडतो. वस्तू जुनी होत जाते तशी तिची किंमत जेवढी उतरते तो घसारा. एक उदाहरण सविस्तर करून पाहू. लॅपटॉपची किंमत 100 धरा, म्हणजे पुढचे सगळे आकडे त्या किमतीचे टक्के होतील. उदाहरणापुरती पुनर्विक्रीची किंमत अशी घेऊ: पहिल्या वर्षाच्या शेवटी 65, मग 48, 35, 25, 18 आणि सहाव्या वर्षाच्या शेवटी 12.

एका वर्षात विकला तर वापराचा खर्च झाला 35. तीन वर्षं वापरून विकला तर 65 ची घट तीन वर्षांत वाटली जाते, वर्षाला साधारण 22 पडतात. सहा वर्षं वापरला आणि मध्ये 10 घालून बॅटरी बदलली तर घट 88 आणि बॅटरी 10 मिळून 98, म्हणजे वर्षाला 16 च्या आसपास. सुरुवातीची दोन वर्षं सगळ्यांत महाग असतात, आणि जो दर दोन वर्षांनी बदलतो तो ती महाग वर्षं पुन्हा पुन्हा विकत घेत राहतो.

आता तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बॅटरी गेली. तेव्हा लॅपटॉपची किंमत 35 आहे, त्यात 10 घालायचे का? नुसत्या चौथ्या वर्षाकडे पाहिलं तर 10 ची घट आणि 10 ची बॅटरी, मिळून 20. नव्या लॅपटॉपचा सहा वर्षांचा सरासरी खर्च वर्षाला 16 आहे, म्हणजे नवा घेणं बरं असं वाटेल. पण बॅटरी एका वर्षासाठी घेतलेली नाही, ती उरलेली तिन्ही वर्षं चालेल. तीन वर्षांची घट 23, बॅटरी 10, एकूण 33. वर्षाला फक्त 11. म्हणून दुरुस्तीच करावी.

हाच हिशेब उलटाही लागतो. पाचव्या वर्षाच्या शेवटी मदरबोर्ड गेला, दुरुस्ती 40 सांगितली आणि अपडेट संपायला एकच वर्ष राहिलंय. 40 आणि त्या वर्षाची 6 ची घट मिळून एका वर्षाला 46. इथे दुरुस्तीत पैसे घालू नयेत.

दुरुस्तीचा खर्च किती, एवढ्यावर निर्णय घ्यायचा नसतो. त्या खर्चात पुढची किमतीची घट मिळवायची, दुरुस्तीने जितकी सुरक्षित वर्षं मिळणार असतील त्यांनी भागायचं आणि नव्याच्या वार्षिक खर्चाशी ताडून पाहायचं. सुरक्षित हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण अपडेट संपल्यानंतरची वर्षं भागाकारात धरायची नाहीत.

मग महिन्याला किती बाजूला टाकायचे?

तोच लॅपटॉप, सहा वर्षं, म्हणजे 72 महिने. पुढचा लॅपटॉप आजच्या किमतीलाच मिळेल असं धरू नका. वर्षाला 4 टक्के वाढ धरली तर 100 चे सहा वर्षांत 127 होतात. मधल्या बॅटरीचे 10 मिळवा, 137. जुना विकून येणारे 12 वजा करा, 125. याला 72 ने भागलं की महिन्याला किमतीच्या पावणेदोन टक्क्यांहून किंचित कमी. चार वर्षं चालणाऱ्या फोनला याच पद्धतीने महिन्याला साधारण सव्वादोन ते अडीच टक्के लागतात.

ही रक्कम रोजच्या खर्चाच्या खात्यात ठेवली तर ती राहत नाही. वेगळं बचत खातं किंवा आवर्ती ठेव असावी, तिला वस्तूचं नाव द्यावं आणि पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पैसे आपोआप तिकडे वळावेत. मिळकत दरमहा सारखी नसेल तर आलेल्या प्रत्येक रकमेतून ठरलेला हिस्सा काढावा आणि वर्षाअखेरीस बाराही महिन्यांचे पैसे जमलेत का ते पाहावं. हा पैसा शेअर बाजारात घालू नये. त्याची गरज कधी पडेल ते आपल्या हातात नसतं, आणि नेमक्या त्याच महिन्यात बाजार पडलेला असू शकतो.

घरात दोन फोन आणि एक लॅपटॉप असेल तर तिघांचं मिळून एकच खातं ठेवणं मला जास्त पटतं. सगळ्या वस्तू एकदम बिघडत नाहीत, त्यामुळे एकीसाठी साठलेले पैसे दुसरीच्या अडचणीला उपयोगी पडतात. फक्त तिघींच्या शेवटच्या तारखा लिहून समोर ठेवा. दोन तारखा एकाच वर्षात येत असतील तर त्या वर्षाआधी जास्त पैसे लागतील हे आधीच कळतं.

बिनव्याजी हप्ते मिळत असताना साठवायचे कशाला?

हप्ता आणि बचत दोन्हीत महिन्याला पैसे जातातच, फरक क्रमाचा आहे. हप्त्यात वस्तू आधी आणि पैसे नंतर. वस्तू मध्येच हरवली किंवा फुटली तर हप्ते चालूच राहतात आणि नवीही घ्यावी लागते. बिनव्याजी म्हणून सांगितलेल्या योजनेत प्रक्रिया शुल्क आहे का, आणि रोख दिल्यास मिळणारी सूट हप्त्यावर मिळते का, हे दोन प्रश्न विचारले की व्याज कुठे दडलंय ते बहुतेकदा सापडतं.

तरी आज पैसे नाहीत आणि वस्तू लागणारच, अशी वेळ येते. तेव्हा हप्त्यावर घेण्यात काही गैर नाही. फक्त शेवटचा हप्ता गेल्यावर तीच रक्कम पुढच्या महिन्यापासून स्वतःच्या खात्यात वळवा. 24 हप्त्यांत फोन फेडला आणि तो एकूण 48 महिने चालला, तर उरलेल्या 24 महिन्यांत पुढच्या फोनचे जवळपास सगळे पैसे जमतात. पुढचा रोखीने येतो आणि मग दरमहाची रक्कम निम्म्याच्या आसपास आणता येते. ही सवय लागण्याचं सोपं कारण म्हणजे त्या रकमेशिवाय महिना काढायची तयारी आधीच झालेली असते.

आणि पैसे जमायच्या आधीच बिघडला तर?

ही शंका रास्त आहे, कारण निधी सुरुवातीच्या वर्षातच सगळ्यांत तुटपुंजा असतो. त्यावर एक उपाय आहे. जुनी वस्तू विकून आलेले पैसे नवीच्या किमतीत वळते न करता निधीत टाकायचे, म्हणजे पहिल्याच दिवशी बॅटरी किंवा एखादी दुरुस्ती भागेल इतकी रक्कम हाताशी राहते. वरच्या हिशेबात पुनर्विक्रीचे पैसे धरलेलेच आहेत, ते फक्त आधी जमा होतात. शिवाय पहिलं वर्ष सहसा वॉरंटीत असतं, पण पडणं आणि पाणी जाणं तिच्यात बसत नाही. ज्यांच्या हातून फोन वारंवार पडतो त्यांनी पहिल्या दोन वर्षांपुरता विमा काढावा. बाकीच्यांना पुढे निधीच पुरतो.

ज्याची रोजीरोटी लॅपटॉपवर आहे त्याने शेवटच्या तारखेपर्यंत ताणू नये. एका दिवसाचं काम बुडण्याची किंमत मोठी असेल तर वर्षभर आधी बदलावा आणि जुना विकण्याऐवजी पर्यायी म्हणून तयार ठेवावा. मग महिन्याचा भागाकार 72 ऐवजी 60 ने करायचा आणि विक्रीचे पैसे हिशेबात धरायचे नाहीत.

विकणार असाल तर अपडेट संपायच्या काही महिने आधी विका, कारण ती तारीख घेणाऱ्यालाही दिसते आणि त्यानंतर भाव झपाट्याने उतरतो. फोन पुसण्याआधी त्यावरच्या खात्यातून बाहेर पडा. नाहीतर पुसल्यानंतरही फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागत राहतो आणि घेणाऱ्याच्या दृष्टीने त्याची किंमत सुट्या भागांएवढीच उरते. फायलींची प्रत काढा, खात्यातून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट करा, आणि घेणाऱ्यासमोर फोन सुरू करून स्वागताचा पडदा येतोय ना ते दाखवा.